दुसरीचा वर्ग, दोन पायऱ्यांची गणितं आणि माडाचे हीर

16 जूनला शाळा उघडली आणि त्याच आठवड्यात मी वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावला. गुलाबी कार्डशीट, स्केचपेन, चारी कडांना सेलोटेप. वर लिहिलं होतं, 'ओळखा पाहू'. डावीकडे एकूण, मिळून, सगळे, जास्त आणि त्यांच्यासमोर मोठं अधिकचं चिन्ह. उजवीकडे उरले, दिले, हरवले, कमी आणि त्यांच्यासमोर वजाचं. अक्षर चांगलं आलं होतं, त्यामुळे मी खूशही होते. पुढच्या सगळ्या उपद्व्यापाचं मूळ हा तक्ता आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

आमची शाळा देवगड तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. द्विशिक्षकी. तिसरी-चौथी गुरुजींकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. दुसरीचा पट सात. सातही मुलं बेरीज-वजाबाकी बऱ्यापैकी करत होती, दोघांचं हातच्याचं घोडं अडायचं तेवढंच. शाब्दिक उदाहरण दिलं की मात्र पहिला प्रश्न ठरलेला, "बाई, ह्यां बेरजेचां काय वजाबाकीचां?" तेवढं सांगितलं की गणित सुटायचं. मला वाटायचं, वाचन कच्चं आहे. तक्ता त्यासाठीच होता.

8 जुलैला चाचणी घेतली. बाहेर धो धो पाऊस, सातही हजर होती हेच विशेष. शेवटचं उदाहरण मी स्वतः रचलेलं होतं:

'ताईकडे 23 रातांबे आहेत. ताईकडे दादापेक्षा 8 रातांबे जास्त आहेत. दोघांकडे मिळून किती रातांबे आहेत?'

सातपैकी सहा जणांची उत्तरं चुकली. चौघांनी 31 लिहून पेन्सिल खाली ठेवली. दोघांनी 31 काढून त्यात पुन्हा 23 मिळवले आणि 54 लिहिले. बरोबर उत्तर 38. ते एका मुलीचं आलं, आणि विचारल्यावर ती म्हणाली की तिने बोटांवर "दादाचे कमी करून" मोजले.

31 लिहिणाऱ्या एकाला जवळ बोलावून विचारलं, बेरीज का केलीस? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विसरले आहे. तक्त्याकडे बोट दाखवून म्हणाला, "भिंतीर तसांच लिवलेलां हा ना!" खरंच होतं. 'जास्त' डावीकडे होतं, 'मिळून' डावीकडे होतं. त्याने माझं तंतोतंत ऐकलं होतं.

त्या रात्री झोप नीट लागली नाही. दुसऱ्या दिवशी एक गंमत करून पाहिली. फळ्यावर लिहिलं, 'टिंबटिंबकडे 34 टिंब. टिंब टिंब 7 टिंब जास्त. टिंब मिळून टिंब किती?' कुणाकडे काय आहे, कोण कोण आहे, काहीच नाही. तरी पाच जणांनी क्षणात 41 म्हटलं. कुणीही विचारलं नाही की टिंब म्हणजे काय. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मुलं गणित वाचतच नाहीत. दोन आकडे उचलतात, एक शब्द हेरतात आणि मोकळी होतात.

ही सवय टिकते कशी, तर ती बरेचदा कामाला येते म्हणून. एका पायरीच्या साध्या उदाहरणात 'उरले' असलं की वजाबाकीच असते. पहिलीत आणि दुसरीच्या सुरुवातीला मुलांना तशीच उदाहरणं मिळतात, उत्तरं बरोबर येतात, बाई शाबासकी देतात. दोन पायऱ्या आल्या की दोन गोष्टी एकदम बिघडतात. शब्द एकच क्रिया सुचवतो, त्यामुळे मूल एक क्रिया करून थांबतं. आणि 'ताईकडे जास्त' या वाक्यात जास्त ताईकडे असताना विचारणा दादाची असते, म्हणून शब्द नेमक्या उलट दिशेला नेतो. हे फक्त लहान मुलांचं होतं असं नाही. 1987 साली लुईस आणि मेयर या अमेरिकेतल्या संशोधकांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना अशीच तुलनेची उदाहरणं दिली होती. जिथे शब्द एक सुचवतो आणि करायचं दुसरंच असतं, तिथे त्यांच्याही उलट क्रियेच्या चुका वाढल्या. हे वाचून मला थोडं हलकं वाटलं, हे कबूल करते.

पट्टी काढून उदाहरण सोडवायची पद्धत मला प्रशिक्षणातून तोंडओळखीची होती. ती सिंगापूरमध्ये 1980 च्या दशकात डॉ. खो टेक होंग यांच्या गटाने प्राथमिक शाळांसाठी तयार केली. तिथली मुलंही शाब्दिक उदाहरणांतच अडत होती. आधी वस्तू हाताळायच्या, मग चित्र, मग आकडेमोड, असा तिचा क्रम आहे. माहिती होती, पण करून कधी पाहिली नव्हती. 10 जुलैला तक्ता उतरवला. सेलोटेपबरोबर भिंतीचा रंगही निघाला. तो चौकोन अजून तसाच आहे.

वस्तू म्हणून आधी काजूबिया घेतल्या, कारण त्या फुकट आणि प्रत्येकाच्या घरात. ताईच्या 23 बियांची एक ओळ, खाली दादाच्या 15 बियांची. आणि इथेच फजिती झाली. एका मुलीने दादाच्या ओळीत टपोऱ्या बिया लावल्या, ताईच्या ओळीत बारीक. दोन्ही ओळी जवळजवळ सारख्याच लांब दिसू लागल्या आणि ती म्हणाली, "दोगांकडे सारकेच." चूक तिची नव्हती. लांबीवरून संख्या कळायची तर प्रत्येक वस्तूने सारखीच जागा घेतली पाहिजे. मग फरशीवर खडूने चौकोन आखले, एका चौकोनात एक बी. हे करणार असाल तर चौकोन आधी आखा, माझा एक तास त्यात गेला.

पुढची पायरी एकेक मोजण्यापासून सुटका. 23 बिया मांडण्यातच मुलं इतकी गुंगतात की प्रश्न विसरतात. मी लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापल्या होत्या, पण जुलैच्या दमटपणात दोन दिवसांत त्या गुंडाळल्या गेल्या. शेवटी पट्ट्यांऐवजी माडाचे हीर आणले. खराटे बांधायला घरोघरी असतात. हीर वाटेल तेवढा मोडता येतो, पावसाने वाकत नाही, आणि दोन हीर शेजारी ठेवून एका टोकाला जुळवले की जास्तीचा भाग दुसऱ्या टोकाला आपोआप बाहेर दिसतो. तो बाहेरचा तुकडाच 'जास्त'. एका मुलाने तो तुकडा मोडून हातात घेतला आणि म्हणाला, "ह्ये आठ." त्या क्षणी मला वाटलं, झालं काम.

झालं नव्हतं. हीर ठेवून वहीत पट्ट्या काढायला सांगितल्या तर चार वह्यांत तीन-तीन पट्ट्या. एक 23 ची, एक 8 ची, आणि एक प्रश्नचिन्हाची. उदाहरणात दिसलेल्या प्रत्येक आकड्याला एक पट्टी. ही चूक मी पुढे बरेच दिवस पाहिली, म्हणून तिच्यावर थोडं थांबते. 8 रातांबे कुणाच्याच टोपलीत वेगळे नाहीत. ते ताईच्या 23 मध्येच आहेत. 8 ची सुटी पट्टी काढणारं मूल अजून शब्दच पकडतंय, फक्त आता चित्रातून. ओळखायची सोपी खूण आहे. पट्टीवर बोट ठेवून विचारायचं, "ही कुणाची?" 8 च्या पट्टीवर उत्तर येत नाही किंवा "आठची" असं येतं.

दुसरी अशीच खूण म्हणजे आधी आकडेमोड आणि मग पट्टी. बाईंना चित्र हवं म्हणून उत्तर काढून झाल्यावर मूल दोन चौकोन रंगवतं. त्यावर उपाय म्हणून मी आकडेच काढून टाकले. फळ्यावर फक्त, 'ताईकडे काही रातांबे आहेत. ताईकडे दादापेक्षा थोडे जास्त आहेत.' आता पट्टी काढा. आकडे नाहीत म्हटल्यावर मिळवायला काही उरतच नाही, वाचावंच लागतं. कुणाची पट्टी लांब, एवढंच ठरवायचं. दोन्ही पट्ट्यांची डावी टोकं एका रेषेत. मग मी एकेक आकडा सांगायचे आणि मुलं तो कुठे लिहायचा ते ठरवायची.

असं करत ते चाचणीचंच उदाहरण आम्ही 24 जुलैला पुन्हा घेतलं. वर ताईची लांब पट्टी, खाली दादाची आखूड. दादाची जिथे संपते तिथून ताईच्या पट्टीत उभी रेघ, पलीकडच्या तुकड्यात 8. ताईच्या पूर्ण पट्टीवर कंस आणि 23. दादाच्या पट्टीत प्रश्नचिन्ह. उजवीकडे दोन्ही पट्ट्यांना मिळून मोठा कंस आणि तिथेही प्रश्नचिन्ह. मी विचारलं, प्रश्नचिन्हं किती? दोन. पण उदाहरणात प्रश्न तर एकच आहे! थोडी शांतता झाली. मग कोपऱ्यातून आवाज आला, "दादाचो लपलो हा." त्या दिवसापासून आमच्या वर्गात मधल्या पायरीला लपलेला प्रश्न म्हणतात. मोठ्या कंसाचं उत्तर काढायला आधी दादाचं काढावं लागतं. 23 मधून 8 गेले, 15. मग 23 आणि 15 मिळून 38. एका मुलीने वेगळंच केलं. रेघेच्या अलीकडचे दोन्ही तुकडे सारखे, म्हणून 15 आणि 15 तीस, वर तो 8 चा तुकडा, 38. हे मी शिकवलेलं नव्हतं, ते तिला चित्रात दिसलं.

तपासताना एक फायदा झाला. चुकीचं उत्तर काय आलंय, त्यावरून मूल कुठे अडलंय ते कळू लागलं. 31 आलं तर त्याने 'जास्त' पकडलं आणि थांबलं. 54 आलं तर दोन शब्द पकडले. 15 आलं तर लपलेला प्रश्न सापडला, पण खरा विसरला. आणि 48 आलं तर पट्टी अगदी बरोबर, फक्त हातचा चुकला, म्हणजे 3 मधून 8 जात नाहीत म्हणून 8 मधून 3 काढले, 25 लिहिले आणि त्यात 23 मिळवले. हातच्याने अडणाऱ्या दोघांचं नेमकं हेच झालं होतं. पूर्वी मी अशा मुलाला 'शाब्दिक उदाहरणात कच्चा' म्हटलं असतं. त्याला पट्टीची गरज नव्हती, दशकाचा गठ्ठा सोडायचा सराव हवा होता.

वहीत पट्टी किती लांब काढायची, यावरून महिनाभर गोंधळ चालला. चौकटींच्या वहीत एका चौकटीला एक असं काढायला गेलं की 23 एका ओळीत मावत नाहीत. मावत नाहीत हे एका अर्थी बरंच झालं. मग सांगितलं, मोजून काढायची नाही, पण ज्याच्याकडे जास्त त्याची लांब दिसली पाहिजे. तरी एकजण फूटपट्टी घेऊन 23 सेंटिमीटरसाठी दोन पानं जोडत होता. त्याला करू दिलं. दोन दिवसांत तो स्वतःच कंटाळला.

वेळेचं सांगायचं तर एका तासिकेत एकच उदाहरण, फार तर दोन. हे पचायला मला जड गेलं. टाचणवहीत मी त्या आठवड्याला दहा उदाहरणं लिहिली होती आणि झाली होती चार. ऑगस्टच्या भेटीत वरिष्ठांनी वह्या पाहिल्या आणि सरावाची उदाहरणं कमी का, असा शेरा मारला. शेरा चुकीचा नव्हता. मी टाचणात बदल लिहून ठेवला नव्हता. तुम्ही हे सुरू करणार असाल तर पहिल्याच दिवशी टाचणात तसं नमूद करा, नंतर समजावत बसावं लागत नाही.

27 ऑगस्टला गणपती. सुटी, मुंबईकरांनी भरलेली घरं, आरत्या, भजनं. सप्टेंबरमध्ये परतलेल्या सातांपैकी तिघांनी पट्टी न काढता पुन्हा "बेरजेचां काय?" सुरू केलं. एका मुलाला मुंबईहून आलेल्या काकाने शिकवलं होतं, 'उरले' आलं की वजा, डोळे झाकून. काकाला काय बोलणार, मीही दोन महिन्यांपूर्वी तेच भिंतीवर लावलं होतं.

म्हणून 'उरले'चंच उदाहरण घेतलं. 'टोपलीत 40 आंबे होते. सकाळी 12 विकले, दुपारी 15 विकले. किती उरले?' डोळे झाकून वजा केलं तर 28 येतात, आणि दोघे तिथेच थांबले. इथे तुलना नाही, म्हणून पट्टी एकच. 40 ची लांब पट्टी, तिचे तीन तुकडे, 12, 15 आणि प्रश्नचिन्ह. पट्टी काढल्यावर 28 म्हणजे काय हे बोट ठेवून दाखवता येतं, शेवटचे दोन तुकडे मिळून. म्हणजे त्यात दुपारी विकलेले अजून आहेत. काहींनी 28 मधून 15 काढले, काहींनी आधी 12 आणि 15 मिळवून 27 केले आणि 40 मधून काढले. दोन्ही वाटांनी 13. 'उरले'च्या गणितात बेरीज चालते हे पाहून तो काकाचा पुतण्या बराच वेळ वहीकडे बघत होता.

मग त्याच्यासाठीच पुढचं दिलं. 'आजीने 14 नारळ शेजारी दिले, 9 नारळ सोलले. आता 20 उरले. आधी किती होते?' दिले आणि उरले, दोन्ही शब्द माझ्या जुन्या तक्त्यात वजाच्या बाजूला. पट्टीचे तीन तुकडे 14, 9, 20, आणि प्रश्नचिन्ह पूर्ण पट्टीवर. दोन्ही पायऱ्या बेरजेच्या, 43. हे उदाहरण मात्र पट्टी काढूनही चौघांना जड गेलं, कारण गोष्ट शेवटाकडून सुरुवातीला जाते. वेळ उलटी फिरवणं पट्टीत दिसत नाही, फक्त तुकडे आणि अख्खी पट्टी दिसते. ते त्यांना आधी अभिनयाने करावं लागलं. एकजण आजी झाला, एकजण शेजारी, आणि शेवटी सगळे नारळ, म्हणजे डस्टर आणि खडूचे खोके, परत आजीकडे आणले.

स्वतःच्या एका चुकीचीही नोंद करते. तुलनेच्या उदाहरणांत 'पेक्षा' ज्याला चिकटलं आहे त्याची पट्टी आधी काढा, असं मी सांगायला लागले होते. दादापेक्षा, तर दादाची आधी. उपयोगी पडतं. पण आठवड्याभराने एक मुलगी 'पेक्षा' शोधायला उदाहरणाच्या मधूनच वाचायला लागली. नवा तक्ता झाला की हा! आता मी ते सांगत नाही. "कुणाकडे जास्त?" एवढंच विचारते आणि पूर्ण वाक्यात उत्तर मागते.

सप्टेंबरमध्ये आणखी एक काळजी होती. संकलित चाचणीत पट्टी काढली तर गुण मिळणार का? गुणदानात 'मांडणी' असं लिहिलेलं, त्यात पट्टी बसते की नाही कुणालाच सांगता येईना. शिक्षण परिषदेत विचारलं, लेखी द्या म्हणाले. 9 सप्टेंबरला अर्ज दिला. तीन आठवड्यांनी, दोनदा फोन केल्यावर, तोंडी उत्तर मिळालं की पट्टी चालेल, पण उभी मांडणी आणि उत्तराचं वाक्य हवंच. मी मुलांना तिन्ही लिहायची सवय लावली. असा प्रश्न असेल तर जुलैमध्येच विचारा.

पालकांपैकी दोघांनी पालकसभेत विचारलं की ही चित्रं काढून वही का भरवता. एका आईला मी रातांब्यांचं उदाहरण तिथेच सोडवायला दिलं. त्या 31 म्हणाल्या, मग हसल्या. मी त्यांना लाजवायला दिलं नव्हतं, पण तसं झालं असावं, आणि पुन्हा चारचौघांत कुणाला देणार नाही. घरी समजावून सांगितलं तर पटतं. खर्च विचाराल तर तक्त्याचे 40 रुपये वाया, खडूचा एक जादा डबा, दोन चौकटींच्या वह्या, सगळं मिळून दोनशेच्या आत. हीर फुकट.

दिवाळीच्या सुटीआधीच्या शेवटच्या आठवड्यात मुलांना म्हटलं, आता उदाहरण तुम्ही रचा, बाकीचे सोडवतील. अट एकच, लपलेला प्रश्न हवा. बहुतेकांनी फटाक्यांवर रचली. जुलैमध्ये 54 लिहिणारी एक मुलगी फळ्यापाशी आली आणि सावकाश लिहू लागली:

'बाबांनी 36 बांगडे आणले. 9 मांजराने खाल्ले. आता आमच्याकडे काकापेक्षा 5 बांगडे कमी आहेत. काकाकडे किती बांगडे?'

नऊ बांगडे खाणारं मांजर केवढं असेल यावर आधी पाच मिनिटं चर्चा झाली. मग काकाचा पुतण्या ओरडला, "बावीस!" 36 मधून 9, 27, आणि 'कमी' म्हणून आणखी 5 वजा. ती काही बोलली नाही. खडू त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "काकाची पट्टी काढ आधी."

त्याने काढली. आमची 27 ची, खाली काकाची. काकाची काढताना हात मध्येच थांबला, मग पुढे सरकला, आमच्या पट्टीच्याही पलीकडे. बाहेर आलेल्या तुकड्यात त्याने 5 लिहिले आणि 22 पुसून 32 केले.